उताऱ्यावरचा नारायण, दाखल्यावरचा नारायण

यावलला तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. कचेरीतली गर्दी ओसरली की फोनवर मजकूर यायला लागतात. साकळी, किनगाव, डांभुर्णी, फैजपूर, कधी थेट सुरतेहून. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी, आणि या मजकुराचं पुढे काय करायचं याबद्दल खाली-वर एक शब्द नाही. "टाइप करून ठेवा" नाही, "इंग्रजीत करून द्या" नाही, "सांगा ना ताई" एवढंसुद्धा नाही. पाठवणाऱ्याला वाटतं की ताईला कळेल. माझ्या कामाचा अर्धा भाग हे कळण्यातच जातो. अशा वेळी मी काय बघते, ते आज सविस्तर लिहायचं आहे. आमच्या धंद्यात नव्याने आलेली मुलं मजकूर आला की लगेच बोटं चालवायला लागतात, आणि तिथेच लोकांचं नुकसान होतं.

माझ्यासमोर तीन वाटा असतात. तोच मजकूर देवनागरीत उतरवायचा, दुसऱ्या भाषेत न्यायचा, किंवा त्यात विचारलेल्या गोष्टीचं उत्तर द्यायचं. लिपीवरून यातली कुठली वाट धरायची ते कधीच ठरत नाही. माणूस इंग्रजी अक्षरांत लिहितो, कारण त्याच्या फोनचा कीबोर्ड तसा लावलेला असतो, किंवा जोडाक्षरं काढायला त्याचा अंगठा सरावलेला नसतो. हाच माणूस रेशनकार्ड, लग्नपत्रिका, बाजार समितीची पावती बिनदिक्कत देवनागरीत वाचतो. म्हणून इंग्रजी अक्षरं दिसली की याला इंग्रजी हवं आहे असं धरणं चूक, आणि याचं मराठी 'नीट' लिहून परत पाठवावं असं धरणं त्याहून मोठी चूक. कुणी विचारलं असेल की उताऱ्याला किती दिवस लागतात, आणि तुम्ही त्याचंच वाक्य शुद्ध देवनागरीत त्याला परत धाडलंत, तर तो काय समजेल? आपण शिकलेले नाही हे ताईने दाखवून दिलं, असंच समजेल. पुन्हा विचारणार नाही.

मी आधी एकच बघते. हा मजकूर कुणाला उद्देशून आहे? वाक्य माझ्याकडे तोंड करून उभं असेल तर उत्तर द्यायचं. ते साहेबाकडे तोंड करून उभं असेल तर मी मधली लिहिणारी, मला कागद तयार करायचा आहे. आणि ज्याच्याकडे तोंड आहे त्याला मराठी येत नसेल, तरच भाषा बदलायची. संबोधन, क्रियापद आणि शेवट या तीन जागी बहुतेक वेळा याचा पत्ता लागतो. "काय लागते", "चालेल का", "कधी येऊ" म्हणजे मला विचारलं आहे. "विनंती की", "अर्ज करतो की", "आपला नम्र" म्हणजे साहेबाला. नुसती नावं, तारखा आणि गट नंबर असले तर त्याने सामान पाठवलं आहे, अर्ज मीच उभा करायचा.

आता एक मजकूर दाखवते. तो ज्या ताईचा आहे तिला विचारून, नाव बदलून देते आहे. अडचण मात्र तीच ठेवली आहे.

```
Tai namaskar. Mi Sakli hun bolte.
Vadil varle 2 mahine zale.
Utaryavar Narayan ahe, dakhlyavar Narayan ahe.
Talathi bhau mhane nav julat nahi.
Aaicha nav lavaycha ahe.
Ma. tahsildar saheb Yaval yanna vinanti ki
varas nond vhavi hi namra vinanti
```

पहिली ओळ माझ्याकडे आहे. शेवटच्या दोन ओळी तहसीलदारांकडे आहेत. मधल्या चार ओळी कुणाकडे आहेत हे ठरवायला थोडं थांबावं लागतं. एकाच मजकुरात दोन वाचणारे असणं आमच्याकडे नेहमीचं आहे. माणूस आधी आपलं दुःख सांगतो, मग अडचण सांगतो, आणि मग त्याला आठवतं की हे अर्जात जायचं आहे, म्हणून शेवटी कचेरीची भाषा लावतो. शेजारच्या कुणी शिकवलेली एखादी ओळ त्यात जशीच्या तशी येते. इथे "विनंती की" आणि लगेच "ही नम्र विनंती" हे दोन्ही आलं आहे, त्यावरून कळतं की ती ओळ तिची स्वतःची नाही.

हाच मजकूर सरळ देवनागरीत उतरवला तर काय होईल ते आधी बघू. फोनेटिक कीबोर्डवर Sakli टाकलं की तो बहुतेक "सकाळी" सुचवतो. साकळी हे यावल तालुक्यातलं मोठं गाव आहे हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. मग वाक्य होतं, "मी सकाळी हून बोलते." हे निदान विचित्र तरी दिसतं, वाचताना डोळा अडतो. varle हे "वारले" आहे हे बाजूच्या Vadil या शब्दावरून कळतं. खरी गडबड तिसऱ्या ओळीत आहे, आणि ती विचित्र दिसत नाही. "उताऱ्यावर नारायण आहे, दाखल्यावर नारायण आहे." वाक्य शुद्ध आहे, लेखनात एक चूक नाही, आणि अर्थ पूर्ण नाहीसा झाला आहे.

तलाठी म्हणतो नाव जुळत नाही. ताई म्हणते इथे Narayan आहे, तिथे Narayan आहे. तिला फरक माहीत आहे, तिने दोन्ही कागद डोळ्यांनी पाहिले आहेत. पण इंग्रजी अक्षरांत न आणि ण दोन्ही n होतात, त्यामुळे ज्या एका अक्षरासाठी काम अडलं, तेच अक्षर तिच्या हातून फोनवर उमटू शकलं नाही. ट आणि त, ड आणि द, ल आणि ळ, अ आणि आ यांचंही असंच आहे. पंडितांनी यासाठी काटेकोर पद्धती केल्या आहेत. २००१ साली ठरलेल्या आयएसओ १५९१९ मध्ये ण साठी n खाली टिंब देतात, आणि संगणकावर चालणाऱ्या आयट्रान्स पद्धतीत ण मोठ्या N ने लिहितात. पण फोनवर लिहिणारं कुणीही असं लिहीत नाही, आणि त्यांनी लिहावं अशी अपेक्षाही मी ठेवत नाही. मोठं N दिसलं तर समजायचं की ते फोनने वाक्याच्या किंवा नावाच्या सुरुवातीला आपोआप टाकलं आहे.

म्हणजे या ओळीचं देवनागरी करता येत नाही. तिचं भाषांतरही करता येत नाही, कारण इंग्रजीत किंवा हिंदीत नेलं तरी दोन्हीकडे एकच नारायण राहील. आणि उत्तरही लगेच देता येत नाही. तीन वाटांपैकी एकही धरायची नाही, आधी विचारायचं, अशी वेळ असते ती ही. पण विचारायचं तेसुद्धा जपून. "कोणतं नाव?" असं विचारलं तर परत Narayan येणार. मी तिला देवनागरीत एवढंच लिहिलं: "ताई, सातबारा, मृत्यूचा दाखला आणि वडिलांचं आधार, तिघांचे फोटो पाठवा, नाव स्पष्ट दिसेल असे. घरातल्या सगळ्या वारसांची नावं कोऱ्या कागदावर मराठीत पेनाने लिहा आणि त्याचाही फोटो पाठवा."

पेनाने लिहायला सांगणं ही माझी जुनी सवय आहे. फोनवर इंग्रजी अक्षरं वापरणारा माणूस हातात पेन दिलं की देवनागरीतच लिहितो, आणि आपलं नाव तो कधी चुकत नाही. आमच्या भागातली आडनावंच बघा. लेवा पाटलांत बऱ्हाटे आहेत. फोनवर ते Barhate येतं. त्याचं बरहाटे होतं, बर्हाटे होतं, आणि बऱ्हाटे क्वचित होतं, कारण त्यातला अर्धा र वेगळा आहे. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र अक्षर आहे, ऱ. साधा र घेऊन पाय मोडला की तो पुढच्या ह च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. कागदावर हा फरक बारीक दिसतो, पण संगणकाला ती दोन वेगळी आडनावं आहेत. उद्या कुणी महाभूलेखवर आडनावाने सातबारा शोधायला गेलं तर सापडणार नाही. Dhake असं आलं तर ते ढाके. Kale असं आलं तर काळे की काले, हे त्या घराला विचारल्याशिवाय मी लिहीत नाही. नावाच्या बाबतीत अंदाज करायचाच नाही. बाकी मजकुरात चूक राहिली तर साहेब समजून घेतात, नावातली चूक पुढच्या पिढीपर्यंत जाते.

फोटो आले. सातबाऱ्यावर "नारायन", मृत्यूच्या दाखल्यावर "नारायण", आधारवर "नारायण". आता कुठे प्रश्न समोर आला, आणि तो मुळात वाटला होता त्याहून वेगळा निघाला.

चूक कुठल्या कागदात आहे, त्यावरून दार बदलतं. दाखल्यात चूक असती तर जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीत, म्हणजे तिथल्या निबंधकाकडे जावं लागलं असतं. चूक सातबाऱ्यात आहे म्हटल्यावर तो महसुलाचा विषय झाला. त्यातही आणखी एक पायरी असते, जुना फेरफार काढून बघायचा. ज्या फेरफाराने वडिलांचं नाव जमिनीला लागलं, त्यात "नारायण" असेल आणि सातबाऱ्यावर "नारायन" उतरलं असेल, तर ती नकलेतली लेखनाची चूक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे ती दुरुस्त करून मागता येते. हाताने लिहिलेले उतारे संगणकावर चढवले गेले तेव्हा अशा चुका बऱ्याच शिरल्या. मुळात फेरफारातच "नारायन" असेल तर नकलेला दोष देता येत नाही. मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र आणि सोबत शाळेचा दाखला किंवा जुनी कागदपत्रं, असा बंदोबस्त करावा लागतो. या ताईच्या बाबतीत फेरफारात ण होता.

म्हणजे तिने तहसीलदारांच्या नावाने लिहिलेल्या त्या दोन ओळी जशाच्या तशा देवनागरीत उतरवल्या असत्या, तर अर्ज चुकीच्या टेबलावर गेला असता. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे करायचा असतो. त्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, बोलण्यात तलाठीच आहे. तो गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत नोंद घेतो, वारसांची चौकशी होते, मग फेरफार धरला जातो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. तहसीलदारांकडे जायचं ते नावाच्या दुरुस्तीसाठी. तिने दोन कामांची एक ओळ केली होती. मी दोन अर्ज केले. तिचं वाक्य त्यात कुठेच नाही, पण तिला जे हवं होतं ते दोन्हींत आहे. यालाच लोक "टाइप करून दिलं" म्हणतात.

मधल्या चार ओळींचं उत्तर मी तिला वेगळं लिहिलं, कारण त्या तिने मला सांगितल्या होत्या. वडील जाऊन दोन महिने झाले हे तिने उगाच लिहिलेलं नव्हतं, आत धाकधूक होती. संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाहक्क मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं. म्हणून मी लिहिलं की अजून मुदत आहे, वारसाचा अर्ज आत्ताच देऊन पोच घ्या, दुरुस्तीचा अर्ज बरोबरच चालू करू. दुसरं, "आईचं नाव लावायचं आहे" एवढंच तिने लिहिलं होतं. पेनाने लिहून पाठवलेल्या कागदावरही आई आणि दोन भाऊ, एवढीच नावं होती. तिचं स्वतःचं नाव नव्हतं. मी तिला लिहिलं की हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा, मुलगे आणि मुली सगळ्याच पहिल्या वर्गाच्या वारस आहेत, लग्न झालेली मुलगीसुद्धा. हक्क सोडायचा की ठेवायचा हे नंतर तुमच्या घरात ठरवा, पण वारसांच्या यादीत तुमचं नाव आलंच पाहिजे, यादी अपुरी दिली तर पुढे तंटा होतो. तिने विचारलं नव्हतं हे मला मान्य आहे. पण तिच्या मजकुराचं नुसतं अक्षरांतर करून मी दिलं असतं, तर तिने आपल्याच हाताने स्वतःला वगळलेला अर्ज माझ्या दुकानातून सुबक छापून बाहेर पडला असता. हे मला करवत नाही.

उत्तर कुठल्या लिपीत द्यावं, यावर आमच्यात मतभेद आहेत. समोरच्याने ज्या अक्षरांत विचारलं त्याच अक्षरांत द्यावं, म्हणजे तो संकोचत नाही, असं काहींचं म्हणणं. मी देवनागरीत देते. लिहिता न येणं आणि वाचता न येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कचेरीच्या खिडकीवर त्याला जे शब्द दिसणार आहेत तेच माझ्या उत्तरात त्याने आधी पाहिलेले असावेत असं मला वाटतं. "६-क", "फेरफार", "पोच". तो फोन पुढे करतो, कारकून वाचतो, काम होतं. सुरतेत वाढलेली पोरं मात्र गुजराती शाळेत शिकलेली असतात, त्यांना देवनागरी हळू वाचता येते. त्यांच्यासाठी मी बोलून पाठवते. आणि कुणी वेबसाइटचा पत्ता विचारला तर तो इंग्रजी अक्षरांतच द्यावा लागतो, तसाच टाइप करायचा असतो.

देवनागरीत उतरवणं हेच काम असतं, असेही मजकूर येतात. लग्नपत्रिकेत नातवंडांच्या नावाने टाकायची ओळ, दशक्रियेच्या निरोपाचा मजकूर, शाळेतल्या मुलाचं भाषण. तिथे माझं काही चालवायचं नाही. बोलण्यात ळ चा य करणं आमच्या गावांत सर्रास आहे. केळीला केयी म्हणणारा keyi असंच लिहितो. आजीच्या तोंडची ओळ पत्रिकेत टाकायची असेल तर ती "केयी" अशीच राहायला हवी. विम्याच्या अर्जात मात्र तोच शब्द "केळी" करते, कारण पिकाचं नाव अर्जात आणि उताऱ्यावर एकच असावं लागतं. एकाच शब्दाला एका कागदावर हात लावायचा नाही आणि दुसऱ्यावर लावायचाच, हे वरवर विसंगत वाटेल. कागद कुणासाठी आहे एवढंच त्यात बघायचं.

अहिराणीत तर प्रश्न आणखी खोल जातो. अमळनेर, पारोळा, धुळ्याकडून कुणी लिहितं:

```
Tai mana bap vari gaya. Tyana nav kadhi tak,
mana nav lai de
```

मला ऐकू येतं ते असं: "ताई, मना बाप वारी गया. त्यानं नाव काढी टाक, मनं नाव लाई दे." अहिराणी न ऐकलेल्या माणसाने याचं देवनागरी केलं तर mana चं "मान" करेल, नाहीतर दोन्ही ठिकाणी "मना"च करेल, आणि पुढे काय म्हटलंय ते सोडून देईल. पण मी ते बरोबर उतरवलं तरी तहसीलदारांना अहिराणी अर्ज देता येत नाही. म्हणजे इथे अक्षरांतराच्या आत भाषांतर दडलेलं आहे, आणि ते करणाऱ्याला आपण भाषांतर करतो आहोत याची जाणीव असायला हवी. "काढी टाक" म्हणजे काय? वडिलांचं नाव कमी करून वारस म्हणून माझं लावा, एवढाच त्याचा अर्थ आहे. बाकी भावंडांना वगळा असं त्यात नाही, पण "माझेच नाव लावावे" असं प्रमाण मराठी केलं तर तसा अर्थ निघतो. अहिराणीतला साधा आग्रह प्रमाण भाषेत आला की दाव्यासारखा दिसायला लागतो. म्हणून अहिराणी माणसाचा अर्ज मी केला की तो त्याला फोनवर वाचून दाखवते. "हाऊ, हाईच म्हणायनं व्हतं" असं तो म्हणाला तरच छापते.

जबाबाची गोष्ट याच्या उलट आहे. कुणी पोलिसात दिलेल्या किंवा भाऊबंदकीत लिहून घेतलेल्या बोलण्याचा मजकूर इंग्रजी अक्षरांत फोनवर टिपून पाठवतं. तिथे एकही शब्द प्रमाण करायचा नाही. माणूस जसा बोलला तसं, त्याच्या बोलीत, आणि जे अक्षर मला नक्की कळलं नाही तिथे कंस करून "अस्पष्ट" लिहायचं. चांगलं दिसावं म्हणून ती जागा भरून काढली, तर त्याच्या तोंडी माझे शब्द गेले.

आता तिसरा मजकूर, साकळीच्या त्याच घरातला. ताईचा धाकटा भाऊ सुरतेला कामाला आहे. वडिलांच्या वेळी तो महिनाभर गावी राहिला, कंपनीने कारण लिहून मागितलं होतं. त्याने पाठवलं:

```
Manager saheb, maze vadil varle mhanun mi
gavi hoto. Uttarkarya zalyavar alo.
Raja manjur karavi
```

तोंड साहेबाकडे आहे, म्हणजे कागद तयार करायचा. पण साहेब सुरतेचा आहे. इथे भाषा बदलायचीच, आणि दुकानात माझ्या मदतीला असलेल्या मुलीने इंग्रजीत करायला घेतलंही होतं. कंपनी, मॅनेजर, रजा, म्हणजे इंग्रजी, असा तिचा हिशोब. मी तिला थांबवून भावाला फोन लावायला सांगितलं. "दादा, हे कोण वाचणार?" तो म्हणाला, "सुपरवायझर वाचेल, तो यूपीचा आहे. त्याने हो म्हटलं की वर सही होते." मग आम्ही ते हिंदीत केलं. "उत्तरकार्य" शब्द काढून "तेरहवीं तक के सभी संस्कार" असं लिहिलं, कारण त्या माणसाच्या गावात तेच म्हणतात आणि त्याला दिवसांचा हिशोब लगेच लागेल. वडिलांचं नाव हिंदीत "नारायण" लिहिलं, दाखल्याप्रमाणे. भावाचं नाव मात्र त्याच्या कंपनीच्या ओळखपत्रावर इंग्रजीत जसं आहे तसं, अक्षर न अक्षर, कंसात टाकलं. ओळखपत्राचा फोटो त्याच्याकडून आधीच मागवून घेतला होता. सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडायला सांगितली. आमच्याकडचा दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतो, त्यामुळे त्याचं वेगळं भाषांतर करून घेण्याचे पैसे वाचतात, हेही त्याला कळवलं.

सातबाऱ्याच्या दुरुस्तीचा अर्ज तहसीलला लागला आहे. वारसाच्या अर्जाची पोच ताईने मला पाठवली, त्यावर चार वारसांची नावं आहेत. तिच्या वडिलांचं नाव मी दोन्ही अर्जांत एकाच पद्धतीने लिहिलं आहे: "नारायण (सातबारा उताऱ्यावर 'नारायन' अशी नोंद)". फेरफार प्रमाणित होईपर्यंत प्रत्येक कागदावर हे असंच लिहायचं, असं तिला सांगून ठेवलं आहे.